चार प्रश्न आणि एका पाकिटाची किंमत

नवी वस्तू बाजारात आणणारा माणूस तिची किंमत ठरवताना बहुधा तीनपैकी एक वाट धरतो. पहिली वाट खर्चाची. माल, मजुरी, पाकीट आणि वाहतूक यांची बेरीज करायची आणि वर थोडा नफा ठेवायचा. दुसरी वाट शेजाऱ्याची. दुकानात अशाच वस्तूची जी किंमत असेल, तिच्यापेक्षा पाच-दहा रुपये कमी लावायचे. तिसरी वाट सरळ ग्राहकाकडे जाते: ‘हे किती रुपयांना घ्याल?’

तिसरी वाट सर्वांत प्रामाणिक वाटते, पण फसवते तीच. किंमत विचारली की आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला घासाघीस सुरू झाल्यासारखे वाटते. मनात दीडशे रुपये असले तरी तोंडातून शंभर निघतात. समोरची व्यक्ती ओळखीची असेल तर उलटेही घडते आणि तिला बरे वाटावे म्हणून आकडा वाढवून सांगितला जातो. दोन्ही उत्तरांत खरी किंमत लपलेलीच राहते. शिवाय बहुतेक वस्तूंसाठी कुणाच्याही मनात एकच ठाम किंमत नसते. मनात असतो तो एक पट्टा. त्याच्या खालच्या टोकाला शंका येते, वरच्या टोकाला खिसा नाही म्हणतो आणि मधल्या भागात खरेदी होऊ शकते.

हा पट्टा शोधण्यासाठी पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच संशोधकाने 1976 साली चार प्रश्नांची एक पद्धत मांडली. बाजार-संशोधकांची ‘एसोमार’ ही संघटना आहे. तिचे त्या वर्षीचे अधिवेशन व्हेनिसला भरले होते आणि तिथेच ही पद्धत सादर झाली. तिचे नाव ‘प्राइस सेन्सिटिव्हिटी मीटर’, म्हणजे किमतीबद्दल ग्राहक किती हळवा आहे हे मोजण्याचे साधन. आज जगभरच्या बाजार-संशोधन संस्था ही पद्धत वापरतात. तिला महागडी यंत्रणा लागत नाही. कागद, पेन्सिल आणि नीट विचारलेले चार प्रश्न एवढ्यावर ती उभी राहते.

तिची मुळे आणखी मागे, फ्रान्समध्ये सापडतात. झाँ स्टोत्झेल या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात लोकांना दोन मर्यादा विचारून पाहिल्या होत्या. कोणत्या किमतीच्या वर ही वस्तू घेणार नाही, आणि कोणत्या किमतीच्या खाली तिच्या दर्जाबद्दल शंका येईल? पुढच्या दशकात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात आंद्रे गॅबर आणि क्लाइव्ह ग्रेंजर यांनी किंमत आणि दर्जा यांच्या नात्यावर काम केले. यांपैकी ग्रेंजर यांना 2003 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, अर्थात ते वेगळ्या कामासाठी. स्टोत्झेल यांच्या दोन टोकांच्या प्रश्नांमध्ये व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी मधल्या दोन पायऱ्या घातल्या आणि दोनाचे चार प्रश्न झाले.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे आणि त्यातले आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या महिलांच्या एका बचत गटाने नाचणीचे माल्ट बनवले आहे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची आणि दळायची. त्यात थोडी वेलची आणि गूळ पावडर घालायची. गरम दुधात दोन चमचे ढवळले की पेय तयार. पाकीट 250 ग्रॅमचे. नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे मुलांसाठी आणि वयस्करांसाठी हे पेय विकता येईल असा गटाचा विचार आहे. खर्चाचा हिशेब त्यांच्याकडे आहे. एका पाकिटामागे 70 रुपये लागतात. 90 रुपये किंमत लावावी असे गटातल्या बहुतेकींना वाटते. गिऱ्हाईक हातचे जाईल ही भीती त्यामागे आहे.

प्रश्न विचारण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते. ज्याला विचारायचे, त्याला वस्तू नेमकी काय आहे हे कळले पाहिजे. पाकीट त्याच्या हातात द्यावे, वजन दाखवावे, त्यात किती कप पेय होते ते सांगावे आणि शक्य असल्यास एक घोट चाखायला द्यावा. किंमत मात्र कुठेही दिसू देऊ नये. एकदा कानावर आकडा पडला की पुढची सगळी उत्तरे त्याच्याभोवती फिरू लागतात.

वर्णनात कोणते शब्द वापरायचे, यालाही इथे महत्त्व आहे. माल्ट आणि दुधाच्या पावडरींना आपण सर्रास ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणतो. पण अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यात, म्हणजे 2006च्या कायद्यात किंवा त्याखालच्या नियमांत, अशी व्याख्याच नाही. एप्रिल 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले, की दूध, धान्य किंवा माल्ट यांवर आधारलेली पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका. वाणिज्य मंत्रालयानेही त्याच महिन्यात बोर्नव्हिटासारखी पेये त्या सदरातून काढायला सांगितले. हिंदुस्थान युनिलिव्हरने हॉर्लिक्सच्या गटाचे नाव बदलून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ केले. सर्वेक्षण करणाऱ्याने याचा अर्थ असा घ्यावा, की ‘आरोग्यदायी पेय’ म्हणून विचारले तर लोक जास्त रुपये सांगू शकतील, पण पाकिटावर तो शब्द नसेल तर ते आकडे दुकानात उपयोगी पडणार नाहीत. म्हणून जे पाकिटावर छापायचे, तेच प्रश्नावलीत लिहायचे: ‘मोड आणलेल्या नाचणीचे माल्ट, वेलची आणि गुळासह’.

आता चार प्रश्न. मराठीत ते साधारण असे विचारता येतील.

पहिला: कोणत्या किमतीला हे पाकीट इतके स्वस्त वाटेल, की माल चांगला नसेल अशी शंका येऊन तुम्ही ते घेणार नाही?

दुसरा: कोणत्या किमतीला ते स्वस्त, पैशांच्या मानाने परवडणारे वाटेल?

तिसरा: कोणत्या किमतीला ते महाग वाटायला लागेल, म्हणजे विचार करावा लागेल, पण घ्याल?

चौथा: कोणत्या किमतीला ते इतके महाग वाटेल, की घेण्याचा विचारच सोडून द्याल?

उत्तर रुपयांत हवे आणि ते त्या व्यक्तीने स्वतः सांगायला हवे. यादी पुढे ठेवून ‘यातली एक निवडा’ म्हणायचे नाही. एखाद्या गृहिणीची उत्तरे 80, 110, 150 आणि 180 अशी आली तर ती सुसंगत आहेत, कारण आकडे क्रमाने चढत जातात. कुणी ‘फारच स्वस्त’साठी 120 आणि ‘स्वस्त’साठी 100 सांगितले, तर प्रश्न त्या व्यक्तीच्या लक्षात आलेला नाही. असे कागद मोजणीत घेत नाहीत. मात्र ते किती आहेत हे नोंदवून ठेवावे. शंभरातले दोन-चार असतील तर तो लोकांचा गोंधळ. वीस-पंचवीस असतील तर दोष प्रश्नाच्या शब्दांत आहे आणि सर्वेक्षण थांबवून ते शब्द बदलावे लागतात.

समजा गटाने 200 जणांकडून सुसंगत उत्तरे मिळवली. आता मोजणी. पद्धतीचे खरे काम इथे होते आणि ते अवघड नाही. प्रत्येक किमतीपाशी थांबायचे आणि चार गोष्टी मोजायच्या: या किमतीला पाकीट फारच स्वस्त म्हणणारे किती, स्वस्त म्हणणारे किती, महाग म्हणणारे किती आणि फारच महाग म्हणणारे किती. एक खुबी लक्षात ठेवायची. ज्या बाईने ‘फारच स्वस्त’ची मर्यादा 80 रुपये सांगितली, तिला 70 रुपयेही फारच स्वस्त वाटणार. म्हणून 70 रुपयांपाशी मोजताना तिलाही धरायचे. तसेच ज्याला 150 रुपये महाग वाटतात, त्याला 160 रुपयेही महागच वाटणार. त्यामुळे किंमत चढत जाते तसे स्वस्त म्हणणारे कमी होत जातात आणि महाग म्हणणारे वाढत जातात. आपल्या उदाहरणात टक्केवारी अशी आली:

| किंमत (रुपये) | फारच स्वस्त | स्वस्त | महाग | फारच महाग |
|---|---|---|---|---|
| 100 | 30 | 70 | 8 | 2 |
| 120 | 14 | 46 | 20 | 6 |
| 140 | 5 | 26 | 40 | 14 |
| 160 | 2 | 12 | 64 | 28 |

आलेख-कागदावर आडवी किंमत आणि उभी टक्केवारी घेऊन या चार रेषा काढल्या की दोन खाली उतरतात, दोन वर चढतात आणि त्या एकमेकींना छेदतात. त्या छेदबिंदूंतून उत्तर मिळते.

आधी पट्ट्याचे खालचे टोक. ‘फारच स्वस्त’ची उतरती रेषा आणि ‘महाग’ची चढती रेषा 116 रुपयांच्या आसपास भेटतात. त्याखाली गेले की मालाबद्दल शंका घेणारे लोक महाग म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होतात, म्हणजे किंमत कमी करून गिऱ्हाईक मिळण्याऐवजी गमावले जाते. वरचे टोक ‘स्वस्त’ आणि ‘फारच महाग’ या रेषांच्या छेदावर, 149 रुपयांच्या आसपास येते. त्यापुढे पाकीट परत ठेवणारे लोक ‘परवडले’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होतात. स्वीकारार्ह पट्टा झाला 116 ते 149 रुपये.

पट्ट्याच्या आत आणखी दोन बिंदू सापडतात. ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ या रेषा 133 रुपयांपाशी भेटतात. तिथे जितक्यांना पाकीट स्वस्त वाटते, तितक्यांनाच महाग वाटते. लोकांच्या मनातली या वस्तूची रूढ किंमत साधारण तिथे आहे असे मानतात. ‘फारच स्वस्त’ आणि ‘फारच महाग’ या दोन टोकांच्या रेषा 129 रुपयांपाशी मिळतात. तिथे दोन्ही कारणांनी वस्तू नाकारणारे सारखे असतात. या बिंदूला पाठ्यपुस्तकांत ‘इष्टतम किंमत’ म्हणतात आणि बरेच लोक इथेच चुकतात. या नावामुळे 129 रुपयांत सर्वांत जास्त नफा होईल असा समज होतो. प्रत्यक्षात हा बिंदू एवढेच सांगतो, की या किमतीला दोन्ही बाजूंनी नाराज असलेले लोक सारखे आहेत. त्यात गटाचा खर्च कुठेच नाही आणि कोण किती वेळा घेईल हेही नाही.

छेदबिंदूंबद्दल आणखी एक बारकावा असा. पट्ट्याची टोके काढण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. वर ‘महाग’ आणि ‘स्वस्त’ या रेषा थेट वापरल्या. दुसऱ्या रीतीत त्यांच्या उलट बाजू घेतात, म्हणजे ‘स्वस्त न वाटणारे’ आणि ‘महाग न वाटणारे’. याच 200 कागदांवर दुसरी रीत लावली तर पट्टा 100 ते 165 रुपये इतका रुंद होतो. उत्तरे तीच, लोक तेच, पण पट्टा जवळजवळ दुप्पट. म्हणून एखाद्या अहवालात ‘ग्राहकांना मान्य असलेली किंमत इतकी ते इतकी’ असे वाचले की ती कोणत्या रेषांच्या छेदावरून काढली आहे हे विचारावे. दोन वस्तूंची किंवा दोन वर्षांची तुलना करायची असेल तर एकच रीत शेवटपर्यंत धरावी लागते.

इथे बचत गटाच्या 90 रुपयांकडे परत पाहता येते. पट्टा कोणत्याही रीतीने काढला तरी 90 रुपये त्याच्या खालीच राहतात. 100 रुपयांपाशी 30 टक्के लोकांना माल फारच स्वस्त, म्हणून संशयास्पद वाटतो. 90 रुपयांपाशी हे प्रमाण आणखी वाढणार. गटातल्या बायकांना महाग पडण्याची भीती होती आणि खरा धोका होता तो स्वस्त पडण्याचा. चार प्रश्नांतला पहिला प्रश्न नसता तर हे कळलेच नसते. घरगुती उद्योगात हे वारंवार होते, कारण बनवणारीला आपल्या मालाची किंमत खर्चातून दिसते आणि विकत घेणाऱ्याला ती दर्जाच्या खुणेतून दिसते.

खाण्यापिण्याच्या, विशेषतः तब्येतीशी जोडलेल्या वस्तूंत ही खूण फार जोरकस असते. माल्टच्या पाकिटात खरेच किती नाचणी आहे, मोड नीट आणले होते का, पोरांच्या हाडांना उपयोग होतो का, हे ग्राहकाला घरी पाहून कळत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा अंदाज तो किमतीवरून बांधतो. बाबा शिव, झिव कार्मन आणि डॅन अरिएली या संशोधकांनी 2005 साली एका ऊर्जावर्धक पेयावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना पेय प्यायला देऊन शब्दकोडी सोडवायला दिली. काहींना सांगितले की पेय 1.89 डॉलर या नेहमीच्या किमतीत घेतले आहे, तर काहींना सांगितले की ते सवलतीत 89 सेंटला मिळाले. पेय तेच होते. सवलतीचे पेय प्यायलेल्यांनी कमी कोडी सोडवली. किमतीवरून केवळ अपेक्षाच बदलल्या असे नाही, त्या अपेक्षांचा परिणाम कामगिरीतही उतरला.

पट्टा हातात आल्यावर गटाने पुढे काय करायचे? या पद्धतीवरची एक मोठी टीका अशी, की ती किमतीबद्दलचे मत विचारते, खरेदीबद्दल विचारत नाही. 1993 साली न्यूटन, मिलर आणि स्मिथ या तिघा संशोधकांनी त्यावर एक जोड सुचवली. चार प्रश्न झाले की त्याच व्यक्तीला आणखी दोन विचारायचे. तुम्ही ‘स्वस्त’ म्हणून जी किंमत सांगितली, तिला हे पाकीट घेण्याची शक्यता किती? आणि ‘महाग’ म्हणून सांगितलेल्या किमतीला किती? उत्तर पाच पायऱ्यांवर घेतात, ‘नक्की घेईन’ ते ‘नक्कीच घेणार नाही’. फारच स्वस्त आणि फारच महाग या दोन टोकांना खरेदीची शक्यता शून्य धरतात. ‘नक्की घेईन’ म्हणणाऱ्या शंभर जणांपैकी सगळे घेत नाहीत हे अनुभवाने माहीत असल्यामुळे ‘नक्की’लाही साधारण 70 टक्केच वजन देतात आणि खालच्या पायऱ्यांना त्याहून कमी.

समजा या जोडप्रश्नांवरून असे निघाले, की 120 रुपयांना शंभरातले 31 जण घेतील, 130 ला 30, 140 ला 28 आणि 160 ला 20. दुकानदाराला छापील किमतीच्या 20 टक्के द्यायचे आणि बनवण्याचा खर्च 70 रुपये, कराचा हिशेब सध्या बाजूला. 120 रुपयांच्या पाकिटात गटाच्या हाती 26 रुपये उरतात, म्हणजे शंभर लोकांमागे 806 रुपये. 130 ला 34 रुपये उरतात आणि शंभरामागे 1,020 होतात. 140 ला 42 रुपये, शंभरामागे 1,176. 160 ला एका पाकिटात 58 रुपये उरतात खरे, पण गिऱ्हाइके घटल्यामुळे एकूण 1,160 होतात आणि किंमत स्वीकारार्ह पट्ट्याच्या बाहेर जाते. म्हणजे ‘इष्टतम’ म्हणून निघालेल्या 129 पेक्षा 140 रुपये गटाच्या जास्त फायद्याचे आहेत, आणि ते पट्ट्याच्या आत आहेत. 90 रुपयांना विकले असते तर दुकानदाराचे 18 रुपये गेल्यावर एका पाकिटात फक्त 2 रुपये उरले असते.

कागदावर हे इतके सुबक दिसते, की सर्वेक्षणात कुठे काय बिघडू शकते ते नीट पाहणे आवश्यक ठरते.

सर्वांत मोठा बिघाड विचारलेल्या माणसांत असतो. ज्याने आयुष्यात माल्टचे पाकीट विकत घेतले नाही, त्याचे चारही आकडे हवेतले असतात. त्याच्याकडे तुलनेला काहीच नसते. म्हणून आधी एक गाळणी लावतात: गेल्या तीन महिन्यांत घरात असे एखादे पेय घेतले का, आणि घरची खरेदी कोण करते? ‘नाही’ म्हणणाऱ्याला चार प्रश्न विचारत नाहीत. अगदी नव्या प्रकारच्या वस्तूला ही पद्धत अपुरी पडते तीही याच कारणाने. बाजारात तशी वस्तूच नसेल तर लोकांना किंमत कशाशी जोडायची हे कळत नाही. मग चारही रेषा पसरट होतात आणि पट्टा निरुपयोगी होण्याइतका रुंद निघतो. पट्ट्याचा अवास्तव रुंदपणा ही लोकांना वस्तू कळलेली नसल्याची खूण आहे.

दुसरा बिघाड दोन वेगळे समूह एकत्र मिसळल्याने होतो. पुण्यातली लहान मुलांची आई आणि गावाकडचे निवृत्त शिक्षक या दोघांचे पट्टे वेगळे असू शकतात. पहिलीला 180 रुपये महाग वाटत नाहीत, दुसऱ्याला 120 वाटतात. दोघांची उत्तरे एकत्र मोजली की मधला असा एक पट्टा निघतो, जो खरे तर दोघांपैकी कुणाचाच नाही. हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. ‘महाग’च्या उत्तरांची नुसती यादी करून पाहायची. आकड्यांची गर्दी दोन ठिकाणी दिसली तर कागदांचे दोन गठ्ठे करून मोजणी वेगवेगळी करायची. तेव्हा कदाचित एका पाकिटाऐवजी दोन आकारांची पाकिटे काढण्याचा निर्णय हातात येतो.

तिसरी अडचण पूर्णांकांची. लोक 100, 150, 200 असे आकडे सांगतात. 137 रुपये कुणीच सांगत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष रेषा गुळगुळीत न येता पायऱ्या-पायऱ्यांची येते आणि छेदबिंदू एखाद्या पायरीवर अडकतो. 116 किंवा 149 या आकड्यांत रुपयारुपयाची अचूकता शोधणे म्हणूनच चूक आहे. संख्येचाही प्रश्न आहे. 200 जणांच्या उत्तरांत कोणत्याही टक्केवारीत सात-आठ टक्के इकडेतिकडे होणे स्वाभाविक असते. 40-50 जणांवर काम भागवले तर ही चूक जवळपास दुप्पट होते आणि पट्ट्याची टोके बरीच सरकतात. ‘साधारण 115 ते 150’ असे म्हणणे जास्त प्रामाणिक ठरते.

विचारणारा कोण आहे याचाही परिणाम होतो. माल बनवणाऱ्या बाईनेच समोर बसून विचारले तर ‘फारच स्वस्त’ किंवा ‘फारच महाग’ म्हणायला लोकांना संकोच वाटतो. गटाबाहेरच्या व्यक्तीने, शक्यतो महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने, नाव न लिहिता कागद भरून घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी, की या चार प्रश्नांत स्पर्धक नाही. दुकानाच्या फळीवर नाचणी माल्टच्या शेजारी मोठ्या कंपनीची बरणी असते आणि तिच्यावर एखादी सवलतही असते. प्रश्नावलीत ग्राहक एकाच वस्तूकडे पाहतो, तर दुकानात तो दहा वस्तूंमधून निवड करतो. शिवाय सांगण्याला पैसे लागत नाहीत, विकत घ्यायला लागतात. म्हणून सर्वेक्षणानंतर लहानशी प्रत्यक्ष विक्री करून पाहणे भाग आहे.

ही चाचणी घेताना कायद्याचे भान हवे. बंद पाकिटावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, आणि सारख्याच पाकिटांवर दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापता येत नाहीत. छापील किमतीपेक्षा कमी दराने विकायला मात्र आडकाठी नाही. म्हणून गटाने सगळ्या पाकिटांवर 150 रुपये छापावे. एका आठवडी बाजारात ती 140 रुपयांना आणि तशाच दुसऱ्या बाजारात 130 रुपयांना विकावीत आणि पुढच्या आठवड्यात दर आलटून पालटून पाहावेत. दोन्ही ठिकाणी ग्राहकाला छापील किमतीपेक्षा सूट दिसते, त्यामुळे तुलना बरीचशी सारखी राहते. दर आठवड्याला स्टॉलपाशी थांबलेले किती, पाकीट घेतलेले किती आणि परत आलेले किती, एवढे तीन आकडे वहीत लिहावेत. पहिली खरेदी कुतूहलानेही होते. दुसऱ्यांदा आलेले गिऱ्हाईक किंमत आणि चव दोन्ही मान्य असल्याचे सांगते.

सर्वेक्षणाचा पट्टाही कायमचा नसतो. गुळाचा, नाचणीचा भाव वाढला की फक्त खर्च वाढतो. बाजारातल्या इतर पेयांच्या किमती बदलल्या की लोकांच्या मनातला पट्टाच सरकतो. त्यामुळे वर्षातून एकदा तेच चार प्रश्न, त्याच शब्दांत, तशाच लोकांना विचारणे शहाणपणाचे आहे.

घरगुती खाद्यपदार्थ विकणारे गट, शेतकरी कंपन्या आणि नवे छोटे उद्योजक यांनी पाकीट छापायला देण्याआधी एवढे नक्की करावे: खर्चाचा कागद बाजूला ठेवून, असे पेय खरोखर विकत घेणाऱ्या किमान 200 जणांकडून ही चार उत्तरे मिळवावीत, आणि त्यांतले ‘फारच स्वस्त’चे उत्तर सर्वांत आधी मोजावे. आपण मनात धरलेली किंमत त्या रेषेच्या चुकीच्या बाजूला असेल, तर ती वाढवायला घाबरू नये.